पोर्ट हिरवा, वाट बंद: स्विचच्या अपलिंकवर बीएफडी किती वेगाने चालवावे

प्रश्न: कुंडईच्या औद्योगिक वसाहतीत आमच्या कारखान्याच्या दोन इमारती आहेत, मध्ये रस्ता आहे. दुसऱ्या इमारतीच्या स्विचपासून मुख्य इमारतीतल्या दोन कोअर स्विचना एकेक अपलिंक जाते, दोन्हींवर ओएसपीएफ चालते. एक अपलिंक आमच्या स्वतःच्या फायबरवर आहे, दुसरी खांबांवरून येणाऱ्या भाड्याच्या फायबरवर, मीडिया कन्व्हर्टर लावून. पावसात भाड्याची फायबर तुटते तेव्हा पोर्ट हिरवाच राहतो आणि निम्मे लोक अर्धा-पाऊण मिनिट अडकतात. बेतोड्याच्या गोदामाकडे स्टॅटिक रूट आहे, तिथला स्विच वाहतूक कंपनी सांभाळते. तिथे तर बॅकअप लिंक असूनही ट्रॅफिक वळतच नाही. स्विच सिस्को आयओएस एक्सईचे आहेत. समोरच्या स्विचपर्यंतची वाट चालू आहे का हे छोट्या पॅकेटनी सतत तपासणारे बीएफडी लावायचे ठरवले आहे. ५० मिलिसेकंदांचा टायमर ठेवला तर चालेल ना?

उत्तर:

५० ठेवू नका. ३०० मिलिसेकंदांपासून सुरुवात करा. गुणक, म्हणजे लागोपाठ किती पॅकेट न आल्यावर शेजारी गेला असे धरायचे तो आकडा, स्वतःच्या फायबरवर ३ आणि भाड्याच्या लिंकवर ५ ठेवा. हे आकडे कुठून आले ते सांगतो, कारण तुमच्या स्विचला ते जसेच्या तसे लागू पडतीलच असे नाही. ते ठरवण्याची रीत मात्र तीच राहील.

आधी तुमच्याकडे नेमके काय घडते ते पाहू. स्वतःची फायबर एका स्विचच्या एसएफपीतून निघून थेट दुसऱ्या स्विचच्या एसएफपीत जाते. ती तुटली की उजेड बंद होतो, पोर्ट खाली जातो आणि ओएसपीएफ त्या क्षणी शेजाऱ्याला सोडून देते. तिथे बीएफडीवाचूनही तुमचे काम बऱ्यापैकी भागते. भाड्याच्या लिंकवर तुमच्या स्विचच्या तांब्याच्या पोर्टला समोर दिसतो तो फक्त मीडिया कन्व्हर्टर. तो तुमच्याच रॅकमध्ये, तुमच्याच यूपीएसवर चालू आहे. फायबर पलीकडे कुठल्याशा खांबाजवळ तुटली तरी स्विच आणि कन्व्हर्टर यांच्यातली दोन हातांची केबल शाबूत असते. पोर्ट हिरवा राहतो आणि ओएसपीएफला फक्त एवढेच कळते की हॅलो येईनासे झाले. हॅलो दर १० सेकंदांनी, डेड टायमर ४० सेकंद. शेवटचा हॅलो तुटण्याआधी शून्य ते दहा सेकंदांत कधीतरी आलेला असतो, म्हणून ठप्प होण्याचा काळ ३० ते ४० सेकंद भरतो. तुमचे "अर्धा-पाऊण मिनिट" ते हेच. आणि निम्मेच लोक अडकतात, कारण दोन्ही अपलिंकची कॉस्ट सारखी असल्यामुळे स्विच प्रत्येक संवादाला दोनपैकी एका वाटेवर टाकतो. ज्यांच्या वाट्याला मेलेली वाट आली ते अडकले.

म्हणून बीएफडीच्याही आधी एक पाच मिनिटांचे काम करा. कन्व्हर्टरच्या अंगावर बारीक डिप स्विच असतात, त्यांत बहुतेक वेळा एक "लिंक फॉल्ट पास-थ्रू"चा असतो, बॉक्सवर LFP किंवा LLF असे लिहिलेले दिसेल. तो चालू केला की फायबरकडचा उजेड गेल्यावर कन्व्हर्टर तांब्याचा पोर्टही पाडतो आणि तुमच्या स्विचला लगेच कळते. माझ्या पाहण्यात दहापैकी सात-आठ ठिकाणी हा डिप बंदच असतो, कारण बसवणाऱ्याने डब्यातून काढला तसा लावलेला असतो. मात्र याचा उपयोग दोन कन्व्हर्टर एकमेकांसमोर असतील तरच होतो. मध्ये केबल ऑपरेटरचा एखादा स्विच असेल तर तुमच्या कन्व्हर्टरला उजेड त्या स्विचकडून येत राहतो आणि पुढची फायबर गेली तरी इकडे काही हलत नाही. भाड्याच्या लिंकवर ही शक्यता नेहमी धरून चालावी. तिथेच बीएफडी खरे उपयोगी पडते, कारण ते कोणत्याही एका केबलची खबर घेत नाही. तुमच्या आयपी पत्त्यापासून समोरच्या आयपी पत्त्यापर्यंत पॅकेट पोचते की नाही, एवढेच पाहते.

बीएफडीचे पॅकेट छोटे असते. आरएफसी ५८८० प्रमाणे नियंत्रण पॅकेटचा सक्तीचा भाग २४ बाइटचा आणि एका हॉपसाठी ते यूडीपी पोर्ट ३७८४ वर जाते. ओएसपीएफचे हॅलोच सेकंदाच्या आत आणता येतात, आणि काही जण तसे करतातही, पण प्रत्येक हॅलो उलगडणे ओएसपीएफच्या प्रक्रियेला जड जाते. बीएफडीला शेजाऱ्यांची यादी, एरिया, डीआर यांच्याशी काही देणेघेणे नाही. "तू आहेस का?" एवढाच त्याचा प्रश्न असतो.

आता आकड्यांकडे. `bfd interval 300 min_rx 300 multiplier 3` याचा अर्थ पुष्कळ जण "माझा स्विच ९०० मिलिसेकंद थांबेल" असा लावतात. तसे नाही. तुमचा स्विच किती थांबेल हे ठरवताना गुणक समोरच्याचा धरला जातो आणि अंतर धरले जाते ते तुमचे `min_rx` व समोरच्याचे `interval` यांतले जे मोठे असेल ते. तुमच्या इमारतीतल्या स्विचवर तुम्ही गुणक ५ ठेवला आणि कोअरवर ३ च राहिला असे समजा, बाकी सगळे ३००. मग कोअर थांबेल ५ × ३०० = १५०० मिलिसेकंद आणि तुमचा स्विच थांबेल ३ × ३०० = ९०० मिलिसेकंद. ज्या बाजूला सहनशील करायला गेलात ती तशीच राहिली. म्हणून दोन्ही टोकांना आकडे सारखे लिहा. मग हा गुंता उरत नाही.

भाड्याच्या लिंकचा तुमच्याकडचा पोर्ट मी असा लिहिला असता:

```
interface GigabitEthernet1/0/47
 no switchport
 ip address 10.40.2.2 255.255.255.252
 ip ospf network point-to-point
 ip ospf 1 area 0
 ip ospf bfd
 bfd interval 300 min_rx 300 multiplier 5
 no bfd echo
```

यात `no switchport` मुद्दाम आहे. अपलिंक ट्रंक ठेवून व्हीलॅन इंटरफेसवर बीएफडी चालवले तर त्याच्या खाली स्पॅनिंग ट्री येते, आणि तिने पोर्ट काही सेकंद अडवला की वाट धड असूनही बीएफडी पडते. दोन टोकांमध्ये दोनच पत्ते, मध्ये स्पॅनिंग ट्री नाही, हेच बरे. एको मी बंद करतो. एकोमध्ये तुमचेच पॅकेट समोरच्याकडून उलट फिरून येते. ते त्याच पोर्टवरून आत येऊन त्याच पोर्टवरून बाहेर जाते, त्यामुळे समोर `ip redirects` चालू असेल तर त्याचा सीपीयू विनाकारण गुंततो, आणि स्रोत पत्ता तपासणारी यूआरपीएफ असेल तर पॅकेट गिळलेच जाते. दोन स्विचमधल्या साध्या अपलिंकवर नियंत्रण पॅकेट पुरेशी आहेत आणि काही बिघडले तर वाचायला सोपीही.

हे लावून तुम्ही कन्व्हर्टरची फायबर काढून पाहाल आणि कदाचित निराश व्हाल, कारण ट्रॅफिक दीड सेकंदात न वळता सहा-सात सेकंदांनी वळेल. दोष बीएफडीचा नसतो. बीएफडीने शेजारी गेल्याचे सांगितले तरी ओएसपीएफला वाटांचा हिशोब, म्हणजे एसपीएफ, नव्याने करावा लागतो, आणि आयओएसच्या जुन्या आवृत्त्यांत पहिला हिशोब सुरू करण्याआधी ते ५ सेकंद थांबते. तुमच्या स्विचवर किती आहे ते असे पाहा:

```
show ip ospf | include SPF
```

`Initial SPF schedule delay 5000 msecs` दिसले तर कोअर आणि अपलिंकचे स्विच या सगळ्यांवर हे घाला:

```
router ospf 1
 timers throttle spf 50 200 5000
```

पहिला हिशोब ५० मिलिसेकंदांनी होईल. गडबड चालूच राहिली तर पुढचे थांबे २०० पासून वाढत ५००० पर्यंत जातील. "सगळ्यांवर" हा शब्द महत्त्वाचा आहे. एकाने लगेच हिशोब केला आणि दुसरा पाच सेकंद जुन्याच नकाशावर बसला, तर तेवढा वेळ दोघे एकमेकांकडे पॅकेट ढकलत बसू शकतात.

आता ५० मिलिसेकंदांबद्दल. मी का नको म्हणतो ते एका घडलेल्या गोष्टीवरून सांगतो. कळंगुटजवळच्या एका हॉटेलात मी असेच दोन अपलिंकवर ५० आणि ३ लावले होते, म्हणजे १५० मिलिसेकंदांत निकाल. दिवसा वायर काढून पाहिली तेव्हा फोनवरचा आवाजही तुटला नाही. चवथीच्या आठवड्यात, हॉटेल भरलेले असताना, रोज रात्री दोन वाजून काही मिनिटांनी दोन्ही अपलिंक एकदम पडू लागल्या आणि काही सेकंदांत परत येऊ लागल्या. पोर्टवर एकही एरर नाही, पोर्ट खाली गेल्याची नोंद नाही, फायबरची पातळी उत्तम. दोन दिवस मी फायबरच्या जोडांवर संशय घेत राहिलो. खरा धागा समोरच होता: दोन वेगळ्या वाटांनी जाणाऱ्या फायबर एकाच क्षणी तुटत नाहीत. दोघींमध्ये सामाईक होता तो स्विच. `show processes cpu history` पाहिल्यावर रात्री दोनला सीपीयू टोकाला गेलेला दिसला. देखरेखीचा सर्व्हर त्या वेळी सगळ्या स्विचांची मॅक आणि एआरपी टेबले एसएनएमपीने उपसत होता. त्या ॲक्सेस स्विचमध्ये बीएफडीची पॅकेट सीपीयूच बनवत आणि वाचत असे. सीपीयू १५० मिलिसेकंद दुसरीकडे गुंतला की बीएफडीच्या दृष्टीने शेजारी मेला. मग ओएसपीएफने शेजारी सोडला, एसपीएफ केले, शेजारी परत जोडला, डेटाबेस परत जुळवला, आणि या सगळ्याचा भारही त्याच सीपीयूवर. त्यामुळे एकदा पडलेले सेशन पुन्हा पडण्याची शक्यता वाढत गेली. ३०० आणि ३ केल्यावर आणि ते उपसणे कमी केल्यावर तो प्रकार थांबला.

म्हणजे आकडा ठरवायचा तो स्विच किती खाली जाऊ देतो यावरून नाही. तो दोन गोष्टींवरून ठरतो. पहिली, बीएफडी हार्डवेअरमध्ये चालते की सीपीयूवर. मोठ्या कोअर स्विचमध्ये ते लाइन कार्डवर चालत असेल, तरी समोरचा ॲक्सेस स्विच सीपीयूवर चालवत असेल तर मर्यादा त्याचीच धरावी लागते. तुमचा स्विच स्टॅकमध्ये असेल तर मुख्य सदस्य बदलतानाची वेळही यात आली. त्या काही क्षणांत पॅकेट पुढे ढकलणे चालू असते, पण बीएफडीचा आवाज बंद होतो आणि समोरचा विनाकारण वाट तोडतो. रात्री वेळ काढून एकदा मुख्य सदस्य मुद्दाम बदलून पाहा आणि सेशन टिकते का ते बघा. टिकत नसेल तर एक निवड करावी लागेल: स्टॅकची अखंडता हवी की वेगवान बीएफडी. दोन्ही एकत्र मागून चालत नाही.

दुसरी गोष्ट खालच्या वाटेची. भाड्याच्या लिंकखाली ऑपरेटरची स्वतःची रिंग असेल तर तिची दुरुस्ती आपोआप होते. रिंगसाठी जी.८०३२ वापरत असतील तर उद्दिष्ट ५० मिलिसेकंदांच्या आतले असते. रॅपिड स्पॅनिंग ट्री असेल तर कधी कधी काही सेकंद लागतात. तुमचे बीएफडी त्यांच्या दुरुस्तीपेक्षा घाईचे असेल तर प्रत्येक वेळी तुम्ही आधी वाट सोडाल आणि लगेच परत धराल. एका धक्क्याच्या जागी दोन. म्हणून ऑपरेटरला स्पष्ट विचारा: "मध्ये तुमची रिंग आहे का, आणि ती किती वेळात सावरते?" उत्तर मिळाले नाही तर गुणक ५ ठेवा. या लिंकवर गुणक वाढवण्याला आणखी एक कारण आहे. भाड्याचा वेग भरला की ऑपरेटर जास्तीची पॅकेट टाकून देतो, आणि तुमच्या स्विचने बीएफडीला दिलेला अग्रक्रम तो मानेलच असे नाही. लागोपाठ तीन पॅकेट हरवणे भरलेल्या लिंकवर घडू शकते, लागोपाठ पाच हरवणे त्याहून खूप दुर्मीळ.

स्वतःच्या फायबरवर ३०० आणि ३ म्हणजे ९०० मिलिसेकंद, भाड्याच्यावर १५००. सेकंद-दीड सेकंदाच्या खंडात टीसीपीची कामे तुटत नाहीत; फोनवर एखादा शब्द जाईल. ४० सेकंदांवरून दीडवर येण्यात जे मिळते त्यापुढे दीडवरून १५० मिलिसेकंदांवर येण्यात तुमच्या कारखान्याला फारसे काही मिळणार नाही, आणि जोखीम मात्र सगळी तिथेच आहे.

आता गोदाम. तिथे ट्रॅफिक वळतच नाही याचे कारण, स्टॅटिक रूटला शेजारी असा कोणी नसतोच. ओएसपीएफ निदान ४० सेकंदांनी शंका घेते. स्टॅटिक रूट पोर्ट हिरवा आहे तोवर तसाच बसून राहतो, फायबर दोन दिवस तुटलेली असली तरी. बीएफडीची खरी गरज तुमच्याकडे सर्वांत जास्त इथे आहे. कोअरवर हे लागेल:

```
ip route static bfd GigabitEthernet1/0/48 10.40.9.2
ip route 10.60.0.0 255.255.255.0 GigabitEthernet1/0/48 10.40.9.2
ip route 10.60.0.0 255.255.255.0 10.40.10.2 200
```

पहिली ओळ सेशन उघडते, दुसरी मुख्य वाट, तिसरी बॅकअप, जिचे अंतर २०० ठेवल्यामुळे मुख्य वाट असेपर्यंत ती टेबलमध्ये येत नाही. मुख्य रूटमध्ये पोर्टचे नाव आणि पुढचा पत्ता दोन्ही लिहिणे आवश्यक आहे. नुसता पत्ता लिहिला तर सेशन उघडेल, पण तो रूट त्याला जोडला जाणार नाही. शिवाय त्या पोर्टवर `bfd interval` ची ओळही हवीच. जोडले गेले की नाही ते `show ip static route bfd` ने दिसते.

ओएसपीएफमध्ये शेजारी आपोआप सापडतो आणि त्यावरून बीएफडी आपोआप उभे राहते. स्टॅटिकमध्ये दोन्ही टोकांनी हाताने लिहावे लागते. वाहतूक कंपनीने त्यांच्या बाजूला काही केले नाही तर तुमचे सेशन कधीच वर येणार नाही. त्यांच्याशी बोलताना "सेशन उघडा" एवढेच सांगून थांबू नका. त्यांचा तुमच्याकडे येणारा रूटही त्या सेशनला बांधलेला असला पाहिजे. नाहीतर असे होते: फायबर तुटली, तुमच्या कोअरने मुख्य रूट काढला, पॅकेट बॅकअपने गोदामात पोचले, आणि गोदामाच्या स्विचने उत्तर मेलेल्या मुख्य वाटेने पाठवले. तुमचे रूटिंग टेबल पाहाल तर ते अगदी बरोबर असेल, आणि तरीही पिंग चालणार नाही. सिस्कोमध्ये `ip route static bfd` च्या शेवटी `unassociate` लिहिले की सेशन उभे राहते पण रूट बांधला जात नाही. समोरच्याने घाईत तेवढेच केले असेल तर `show bfd neighbors` मध्ये दोन्हीकडे `Up` दिसेल आणि खरी वेळ आल्यावर परतीची वाट बंद असेल.

सेशन वर येत नसेल आणि पिंग मात्र चालत असेल तर दोन गोष्टी तपासा. गोदामाच्या पोर्टवर एसीएल असेल तर त्यात यूडीपी ३७८४ ला परवानगी हवी. आणि कुंडई ते बेतोडा या वाटेत ऑपरेटरचा राउटर बसला आहे का ते विचारा. एका हॉपच्या बीएफडीचे पॅकेट टीटीएल २५५ घेऊनच निघते आणि तितकेच घेऊन पोचले पाहिजे. मध्ये एक जरी राउटर आला तरी ते २५४ होते आणि समोरचा ते टाकून देतो. पिंगला याचा काही फरक पडत नाही, म्हणून लोक गोंधळतात. अशा वेळी ऑपरेटरकडून लेअर २ ची लिंक मागून घेणे मला जास्त पटते. मल्टिहॉप बीएफडी यूडीपी ४७८४ वर चालते, पण मग मधला राउटर स्वतः कोणत्या वाटेने जातो हे तुमच्या हातात राहत नाही.

वाहतूक कंपनी काहीच करायला तयार नसेल तर आयपी एसएलएने त्यांच्या पत्त्याला दर सेकंदाला पिंग करून रूट ट्रॅकला बांधता येतो. त्यात टाइमआउट मूळचा ५००० मिलिसेकंद असतो. तो १००० किंवा त्याहून कमी केल्याशिवाय एक सेकंदाची वारंवारता ठेवून उपयोग नाही. पण ही सोय फक्त तुमची बाजू वळवते. परतीसाठी त्यांना त्यांच्याकडे तसेच काहीतरी लावावेच लागेल, आणि लावणारच असतील तर बीएफडीच लावा असे आग्रहाने सांगा.

देखभालीच्या वेळी एक सावधगिरी बाळगा. बीएफडी हाताने बंद केले की ते समोरच्याला `AdminDown` कळवते. आरएफसी ५८८२ चे म्हणणे असे की ओएसपीएफसारखे ज्याला जिवंतपणा तपासण्याचे स्वतःचे साधन आहे त्याने यावरून वाट तोडू नये, आणि स्टॅटिकसारखे ज्याला काहीच साधन नाही त्याने ही वाट गेलीच असे समजावे. प्रत्यक्षात वेगवेगळ्या स्विचांचे वागणे वेगवेगळे आढळते. गोदामाच्या सेशनला हात लावण्यापूर्वी रूट बॅकअपवर हाताने नेऊन ठेवा, मग काय होईल याचा अंदाज करत बसावे लागणार नाही.

पावसाळ्याबद्दल एक शंका तुम्ही विचारली नाहीत, पण ती येणारच. जोडात पाणी शिरलेली फायबर सरळ तुटत नाही, ती मिनिटाला दोन-चार वेळा डोळे मिटते. ४० सेकंदांचा डेड टायमर असे झटके झाकून टाकत होता. बीएफडी प्रत्येक झटका पकडेल आणि ओएसपीएफ प्रत्येक वेळी हलेल. लॉगमध्ये एकाच लिंकची अशी उघडझाप दिसली तर त्या लिंकची ओएसपीएफ कॉस्ट वाढवून ती बाजूला ठेवा आणि ऑपरेटरला वेळांसकट लॉग पाठवा. टायमर वाढवून ती लपवू नका. आयओएस एक्सईच्या `bfd-template` मध्ये उघडझाप करणारे सेशन काही काळ दाबून ठेवणारे डॅम्पनिंगही आहे, पण दोनच अपलिंक असताना हाताने कॉस्ट बदलणे मला अधिक विश्वासाचे वाटते.

आता चाचणी. तुमच्या स्विचमधली वायर काढून पाहणे ही चाचणी नव्हे, कारण मग पोर्टच खाली जातो आणि बीएफडीची परीक्षा होतच नाही. दोन्ही कन्व्हर्टरवरचा एलएफपीचा डिप तात्पुरता बंद करा आणि पलीकडच्या इमारतीत जाऊन कन्व्हर्टरची फायबरची बाजू काढा. दोन्ही स्विचचे पोर्ट हिरवेच राहतील आणि आतली वाट मरेल, पावसात होते तसे. त्या वेळी एका लिनक्स मशीनवरून कोअरच्या मागच्या एखाद्या सर्व्हरला `ping -i 0.2` चालू ठेवा; हरवलेल्या उत्तरांची संख्या गुणिले ०.२ म्हणजे तुमचा खरा खंड, सेकंदांत. दोन समान वाटा असल्यामुळे तुमचे पिंग कदाचित चांगल्या वाटेवर बसलेले असेल आणि काहीच हरवणार नाही, म्हणून तीन-चार वेगवेगळ्या मशीनवरून एकाच वेळी करा. आठ-दहा उत्तरे हरवली तर सगळे जागेवर आहे. तीसहून जास्त हरवली तर एसपीएफचा थांबा कुठल्यातरी स्विचवर बदलायचा राहिला आहे.

नंतर दोन तारांच्या फायबरमधली एकच तार काढा, कारण प्रत्यक्षात पुष्कळदा एकच जाते. ज्या टोकाला पॅकेट येईनाशी झाली त्याचा टायमर संपतो आणि ते समोरच्याला "मी खाली गेलो" असे कळवते. समोरचाही त्यावरून खाली जातो. दोन्ही टोकांवर लगेच `show bfd neighbors details` घ्या आणि त्यातला `Diag` पाहा. १ म्हणजे याचा स्वतःचा टायमर संपला, ३ म्हणजे शेजाऱ्याने सांगितले म्हणून हा पडला. १ ज्या बाजूला आहे, तिच्याकडे येणारी तार गेली आहे. दोन्हीकडे १ असेल तर दोन्ही दिशा बंद आहेत. ऑपरेटरच्या माणसाला खांबावर चढवण्यापूर्वी कोणती तार तपासायची हे तुम्ही त्याला फोनवरच सांगू शकाल.

त्याच आउटपुटमध्ये `Rx Interval (ms) min/max/avg` अशी ओळ असते. लिंक धड असताना, कारखाना पूर्ण चालू असलेल्या दिवशी त्यातला `max` लिहून ठेवा आणि आठवड्याने पुन्हा पाहा. ३०० च्या सेशनला पॅकेट साधारण २२५ ते ३०० मिलिसेकंदांच्या अंतराने येतात, कारण सगळी एकाच ठोक्याला जाऊ नयेत म्हणून बीएफडी मुद्दाम अंतर थोडे कमी-जास्त करते. `max` मधल्या काळात वाढून सहा-सातशेवर गेला असेल तर कुठल्यातरी टोकाचा सीपीयू अडखळतो आहे किंवा पॅकेट हरवत आहेत. ९०० ची मर्यादा ओलांडली जाण्याआधीच कारण शोधायला सुरुवात करा, आणि पहिल्यांदा रात्रीच्या बॅकअपची व एसएनएमपीची वेळ त्या वेळेशी ताडून बघा.